चिठ्ठीतली गोळी दुकानात नाही, दुसऱ्या कंपनीची घेऊ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर उभी राहून अठरा वर्षं झाली. "ताई, ही गोळी नाहीये का? मग तसलीच दुसरी द्या" हे वाक्य दिवसातून निदान दहा वेळा ऐकते. पुष्कळदा "तसलीच दुसरी" खरोखर चालते. काही वेळा मात्र तिच्यामुळे माणूस दवाखान्यात दाखल होतो. हा फरक ओळखायचा कसा, यावर लोक जे विचारतात ते इथे लिहिलं आहे.

"कंटेंट सेम आहे, कंपनी वेगळी आहे" असं दुकानदार म्हणतो. म्हणजे नेमकं काय?

स्ट्रिपवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं नाव. दुसरं औषधाचं खरं नाव. टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं एकच औषध कितीतरी कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचं नाव निराळं असतं. खरं नाव तेच असेल तर दुकानदार "कंटेंट सेम" म्हणतो, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच असतं.

पण नाव जुळलं म्हणजे गोळी जुळली असं होत नाही. ताकद जुळायला हवी, म्हणजे ४० च्या जागी ४०. शिवाय नावापुढची अक्षरं जुळायला हवीत. लोक नेमके तिथेच फसतात. टेल्मिसार्टनच्या नावापुढे एच असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं आणखी एक औषध असतं, ए एम असेल तर ॲम्लोडिपिन असतं. म्हणजे एका गोळीत दोन औषधं. एस आर, एक्स एल, ई आर ही अक्षरं सांगतात की गोळी पोटात हळूहळू विरघळते आणि बराच वेळ पुरते. ही अक्षरं गळाली की औषध तेच राहतं, पण त्याचं शरीरातलं वागणं पूर्ण बदलतं.

चिठ्ठीवर एक नाव असताना दुकानदार आपल्या मनाने दुसरं देऊ शकतो का?

नाही. आपल्याकडच्या १९४५ च्या औषध नियमांत नियम ६५ आहे. त्याचं ११अ हे कलम सांगतं की अनुसूची एच, एच १ आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या, यांतल्या औषधांच्या बाबतीत चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरीही. रक्तदाब, साखर, फिट्स यांच्या बऱ्याच गोळ्या आणि बहुतेक अँटिबायोटिक्स याच अनुसूचींत येतात. म्हणून मी "थांबा, डॉक्टरांना विचारून देते" म्हणते तेव्हा कृपया चिडू नका. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचंच नाव लिहिलं असेल, तर कुठल्याही कंपनीचं द्यायला आम्ही मोकळे असतो. सतत चालणाऱ्या गोळ्यांसाठी पुढच्या भेटीत डॉक्टरांना औषधाचं नावही लिहायला सांगा. प्रवासात परगावी गोळ्या संपल्या की त्याचा फार उपयोग होतो.

एक्स एल आणि साधी गोळी यात एवढं काय आहे? आकडा तर ५० च आहे.

मागे घडलेली एक गोष्ट सांगते. अँजिओप्लास्टी झालेले एक काका मेटोप्रोलॉल एक्स एल ५० रोज सकाळी एक घेत. दिवाळीच्या आठवड्यात ती कुठेच मिळेना. एका दुकानातून त्यांना मेटोप्रोलॉल ५० ची साधी गोळी मिळाली. "तेच आहे, सकाळी एक घ्या" असं सांगितलं गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी दोन्ही स्ट्रिपा घेऊन माझ्याकडे आली. काकांना दुपारी गळल्यासारखं होत होतं, चालताना अंधारी येत होती आणि पहाटे छातीत धडधडून जाग येत होती. घरच्या मशीनवर दुपारी नाडीचे ठोके ५२ आणि पहाटे ९८ आले होते.

दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. एक्स एल मध्ये मेटोप्रोलॉल सक्सिनेट असतं. ते दिवसभर थोडं थोडं सुटतं, म्हणून रोज एक पुरते. साध्या गोळीत मेटोप्रोलॉल टार्ट्रेट असतं. ते एकदम सुटतं आणि काही तासांतच ओसरतं, म्हणून साधारणपणे दिवसातून दोनदा विभागून देतात. काकांना सकाळी सगळं औषध एकदम मिळालं आणि पहाटेपर्यंत काहीच उरलं नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. एक्स एल मिळेपर्यंत साधी २५ ची गोळी सकाळी एक आणि रात्री एक, असं त्यांनी सांगितलं. दिवसाचा एकूण डोस तेवढाच राहिला, फक्त दोन वेळांत वाटला गेला. दोन दिवसांनी एक्स एल आली आणि काका पूर्ववत झाले.

याच गोळीबद्दल उलटी भीतीही असते. एक्स एल ५० च्या मागे बारीक अक्षरात "४७.५ मिलिग्रॅम" असं छापलेलं असतं. ते पाहून लोक कमी ताकदीची गोळी दिली म्हणून परत आणतात. ती कमी नसते. ४७.५ मिलिग्रॅम सक्सिनेट म्हणजे ५० मिलिग्रॅम टार्ट्रेटइतकंच औषध, आणि स्ट्रिपवर तसं लिहिलेलंही असतं. सक्सिनेट, टार्ट्रेट असा क्षार वेगळा असला की वजनाचा आकडाही बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक. "मेट" ने सुरू होणारी नावं नीट वाचा. मेटोप्रोलॉल हृदयाचं आहे, मेटफॉर्मिन साखरेचं. घाईत वाचलेल्या चिठ्ठीवर ही दोन्ही सारखीच दिसतात.

गोळी मिळेपर्यंत किती दिवस थांबलं तर चालतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. औषध अंगात किती काळ टिकतं त्यावर उत्तर ठरतं.

थायरॉईडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, फार हळू ओसरते. अंगातलं औषध निम्म्यावर यायला जवळजवळ आठवडा लागतो. म्हणून नेहमीच्या कंपनीची बाटली दोन दिवस मिळाली नाही तर धावपळ करून दुसरी घेण्यापेक्षा दोन दिवस थांबून तीच आणलेली बरी. गरोदर बाईने मात्र थांबू नये, लगेच डॉक्टरांना विचारावं.

फिट्सच्या गोळ्यांत अशी सवलत अजिबात नाही. एक डोस चुकला तरी फिट येऊ शकते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या अचानक थांबवल्या तर नाडी उसळते आणि हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू शकतं. महिनोन् महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याने ते एकदम तोडलं तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. यातलं काही संपत आलं असेल तर स्ट्रिपमध्ये सात दिवसांच्या गोळ्या असतानाच दुकानात या. शेवटची गोळी खाऊन रविवारी संध्याकाळी येऊ नका. त्या वेळी डॉक्टर मिळत नाहीत आणि होलसेलरही बंद असतो.

कुठल्या गोळ्यांची कंपनीसुद्धा बदलू नये?

बहुतेक औषधांत थोडं कमीजास्त शरीर खपवून घेतं. काहींमध्ये पुरेसं आणि जास्त यांच्यातली जागा फारच अरुंद असते. दोन कंपन्यांच्या गोळ्या रक्तात किती पोचतात यात थोडा फरक असणं मान्य आहे. रक्तदाबाच्या गोळीत तो फरक जाणवत नाही, या थोड्या औषधांत जाणवू शकतो.

फिट्सच्या फेनिटोइनचं उदाहरण पाहा. यकृत ते ठराविक वेगानेच मोडू शकतं. ती मर्यादा गाठली की गोळीतून थोडंसंच जास्त औषध आलं तरी रक्तातलं प्रमाण भसकन वाढतं. मग माणूस झोकांड्या खात चालतो, एकाचे दोन दिसतात, सारखी झोप येते. घरच्यांना वाटतं, कमजोरी आली. उलट बाजूने थोडं कमी आलं तर फिट येते. म्हणून फेनिटोइन, कार्बामाझेपिन अशा गोळ्यांची कंपनी न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय बदलायची नाही. त्यासाठी तीन गावं पालथी घालावी लागली तरी चालेल.

थायरॉईडच्या गोळीची कंपनी नाइलाजाने बदलावी लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टी एस एच तपासून घ्या. त्याच्या आधी तपासलं तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची कंपनी बदलली तर रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी आय एन आर ही तपासणी लवकर करावी लागते. ती कधी करायची ते डॉक्टर सांगतील. वॉरफरिन संपलं म्हणून ॲसिनोकोमॅरॉल कधीही घेऊ नका. दोन्ही एकाच कामाची आहेत, पण एकाचे २ मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्याचे २ मिलिग्रॅम नव्हेत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांची टॅक्रोलिमस आणि मानसिक आजारातलं लिथियम यांनाही हाच नियम लावा.

५० ची नाही, पण २५ ची आहे. दोन घेऊ का?

एकच औषध असलेली साधी गोळी असेल आणि कंपनी तीच असेल तर हा चांगला मार्ग आहे. लिव्होथायरॉक्सिन ५० मिळत नसेल तर त्याच कंपनीच्या २५ च्या दोन घेणं हे कंपनी बदलण्यापेक्षा सरस. डॉक्टरांना कळवा आणि डबीवर मार्करने "२ गोळ्या" असं ठळक लिहा. नाहीतर पुढच्या महिन्यात ५० ची मिळाली की घरातलं कुणीतरी त्याही दोन देतं.

दोन औषधांच्या जोडगोळीत मात्र हे गणित फसतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यात ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. ३७५ च्या गोळीत २५० आणि १२५ असतं. म्हणजे ३७५ च्या दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन ५०० झालं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड २५०, म्हणजे दुप्पट. त्याने जुलाब लागतात, मग लोक कोर्स अर्धवट सोडतात. या गोळीवरचा मोठा आकडा ही बेरीज असते. त्या बेरजेत काय काय आहे ते मागे वाचायचं.

एस आर किंवा एक्स एल गोळी अर्धी करायची असेल तर आधी विचारा. काही रेघेवर मोडता येतात. पण कुटून किंवा चावून त्यातली एकही घेऊ नका, दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

मुलाचं तापाचं सिरप वेगळ्या कंपनीचं मिळालं. तेवढेच चमचे द्यायचे ना?

बाटली वाचल्याशिवाय देऊ नका. पॅरासिटामॉल एकच असलं तरी बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. एकीत ५ मिलीमध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत ५ मिलीमध्ये २५०, आणि लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीमध्येच १००. ड्रॉप्स सगळ्यांत तीव्र असतात. बाटली छोटी, बाळ छोटं, म्हणून औषध सौम्य असेल असं आयांना वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

१० किलोच्या बाळाला डॉक्टरांनी एका वेळेला १५० मिलिग्रॅम सांगितलं असं धरा. पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ मिली आणि ड्रॉप्समधून दीड मिली द्यायचं. आता कुणी ड्रॉप्स घेतले आणि जुन्या सवयीने ६ मिली दिले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे चौपट. असे डोस पुन्हा पुन्हा गेले तर यकृताला धोका असतो. असं झालं असेल तर उलटी होते का याची वाट पाहत बसू नका. पॅरासिटामॉल जास्त गेलं तरी पहिल्या दिवशी बाळ अगदी ठीक दिसू शकतं. लगेच दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या.

डॉक्टरांकडून डोस चमच्यांत घेऊ नका, "किती मिलिग्रॅम" असं विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. मग बाटली कुठलीही आली तरी हिशेब करता येतो. मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, घरचा चमचा नको.

नेहमीचं इन्शुलिन नाही, दुसऱ्या कंपनीचं ३०/७० आहे. घेऊ का?

फोन केल्याशिवाय नको. ३०/७० म्हणजे लवकर आणि हळू काम करणाऱ्या इन्शुलिनचं मिश्रण. यात दोन सापळे आहेत. पहिला सिरिंजचा. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. १०० युनिट प्रति मिलीच्या इन्शुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. कुपी बदलली आणि सिरिंज जुनीच राहिली तर काय होतं पाहा. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिली भरतो. त्यात १०० चं इन्शुलिन भरलं तर २० ऐवजी ५० युनिट गेले. एवढ्याने साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. उलट, नारिंगी सिरिंजमध्ये ४० चं इन्शुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. दुकानातून निघण्याआधी दोन्ही शेजारी धरून पाहा.

दुसरा सापळा जेवणाच्या वेळेचा. जुनं ह्यूमन ३०/७० जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घेतात. नव्या प्रकारचं ३०/७० लवकर काम सुरू करतं, ते जेवायला बसतानाच घ्यायचं असतं. ते घेऊन अर्धा तास भाकरीची वाट पाहिली तर साखर उतरते. आकडे दोन्हींवर ३०/७० च असतात, म्हणून लोकांना एकच वाटतं.

जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी पर्याय म्हणून चालेल का?

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी यांसारख्या गोळ्यांत नाव, ताकद आणि अक्षरं जुळली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर जरूर घ्या. स्वस्त असण्याचं मोठं कारण म्हणजे त्यात ब्रँडच्या जाहिरातीचा आणि प्रचाराचा खर्च नसतो. माझ्या स्वतःच्या घरी रक्तदाबाची गोळी तिथूनच येते. वर सांगितलेल्या अरुंद जागेच्या औषधांना मात्र इथेही तोच नियम. एकदा तिथली सुरू केली आणि तपासणी व्यवस्थित आली, तर मग तीच चालू ठेवा, दर महिन्याला बदलू नका.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं?

"गोळी मिळत नाही, काय करू?" एवढंच विचारलं तर डॉक्टरांपुढे ना चिठ्ठी असते ना स्ट्रिप. जुन्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा आणि दुकानात मिळणाऱ्या नव्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. खाली चार ओळी लिहा: "डॉक्टर, माझ्या वडिलांचं वय ६८, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. मेटोप्रोलॉल एक्स एल ५० रोज सकाळी एक. आज शेवटची गोळी आहे, गावात मिळत नाही. साधी ५० आणि २५ मिळते. आजचे ठोके ७२, रक्तदाब १३०/८०. कुठली, किती वेळा घ्यावी?" याचं उत्तर डॉक्टर अर्ध्या मिनिटात देऊ शकतात. आलेलं उत्तर दुकानदारालाही दाखवा.

गोळी बदलली. आता कशावर लक्ष ठेवू आणि कधी धावायचं?

पहिला आठवडा महत्त्वाचा. रक्तदाबाची गोळी बदलली असेल तर रोज एकाच वेळी रक्तदाब आणि ठोके मोजून लिहून ठेवा. साखरेची बदलली असेल तर उपाशीपोटीची साखर पाहा. आकडे नेहमीपेक्षा हलले, चक्कर येऊ लागली, अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वॉरफरिन घेणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर फोनवर थांबू नका, दवाखान्यात जा.

छातीत दुखणं, श्वास लागणं, ओठ किंवा जीभ सुजणं, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट, यांत १०८ ला फोन करा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका आणि १०८ बोलवा.

नेहमीची गोळी पुन्हा मिळाली. मग पर्यायी उरल्या आहेत त्यांचं काय?

दोन्ही डब्यात एकत्र ठेवू नका. एका आजींच्या डब्यात एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिपा होत्या. रंग वेगळे, नावं वेगळी, म्हणून त्या दोन निराळी औषधं समजून रोज दोन्ही घेत होत्या. रक्तदाब ९० वर आला, बाथरूममध्ये पडल्या आणि मनगट मोडलं. पर्यायी गोळी सुरू करतानाच तिच्या स्ट्रिपवर चिकटपट्टी लावून "अमुक गोळीच्या ऐवजी" असं मराठीत लिहा. जुनी मिळाली की उरलेल्या गोळ्या डब्यातून बाहेर काढा. स्ट्रिप न फाडता बिलासकट लवकर आणलीत तर काही दुकानदार परत घेतात. इन्शुलिनसारखं फ्रिजमधलं औषध मात्र मी परत घेत नाही, कारण घरी ते कसं ठेवलं होतं हे मला कळायला मार्ग नसतो.